ब्रह्मदेवाच्या घड्याळात साडेअकरा

*मी 47 वर्षांचा. पंचवटीतला जुना वाडा सोडून आम्ही गंगापूर रोडला फ्लॅट घेतला आणि शके 1947 च्या मार्गशीर्षात वास्तुशांत केली. वडील त्याच्या आदल्या वर्षी आषाढात गेले. पूजेत गुरुजींनी संकल्प सांगितला, 'द्वितीये परार्धे, श्वेतवाराहकल्पे…' अर्थ विचारला तर म्हणाले, ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा असतो. तेव्हापासून घराचा हप्ता भरताना, मुलीच्या दहावीच्या फॉर्मवर सही करताना मनात येतं, हे सगळं कशासाठी? वडिलांची गावची जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे, पण काकांकडे विषय काढायला आई नको म्हणते. 'कलियुग आहे, आता असंच चालायचं,' हे तिचं उत्तर. धाकटा भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो की ऋषींना पृथ्वीचं वय तेव्हाच माहीत होतं. एवढ्या काळापुढे माझ्या सत्तर-ऐंशी वर्षांना काय किंमत आहे?*

*— एक वाचक, नाशिक*

गुरुजींनी सांगितलेला अर्थ बरोबर आहे, फक्त तुम्ही तो ऐकून वाक्याच्या मध्येच थांबलात. संकल्प हे एकच लांबलचक वाक्य असतं आणि ते शेवटापर्यंत गेल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. तुमच्या वास्तुशांतीला ते साधारण असं म्हटलं गेलं असणार: ब्रह्मदेवाच्या दुसऱ्या परार्धात, श्वेतवाराह कल्पात, वैवस्वत मन्वंतरात, कलियुगाच्या पहिल्या चरणात, जंबुद्वीपात, भरतवर्षात, दंडकारण्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर, शालिवाहन शकात, विश्वावसु नावाच्या संवत्सरात, दक्षिणायनात, हेमंत ऋतूत, मार्गशीर्षात, अमक्या पक्षात, अमक्या तिथीला, अमक्या वारी. मग तुमचं गोत्र, तुमचं नाव, कशासाठी करतो आहे ते कारण. आणि सगळ्यात शेवटी एक शब्द: 'करिष्ये'.

संस्कृतात हे वाक्य ऐकताना एक गोष्ट कानाला लागते. परार्धे, कल्पे, मन्वंतरे, युगे, चरणे, तीरे, शके, संवत्सरे, अयने, मासे, पक्षे. सगळी सप्तमी विभक्ती, म्हणजे आपल्या मराठीतलं 'मध्ये' आणि 'वर'. पत्ता लिहिताना आपण घर नंबरापासून सुरू करून राज्यापर्यंत जातो, इथे उलटं आहे. विश्वापासून सुरू करून मुक्काम तुमच्या पाटापर्यंत येतो. आणि इतक्या सगळ्या सप्तम्यांना धरून ठेवणारं क्रियापद एकच, तेही प्रथमपुरुषी, एकवचनी, भविष्यकाळी. 'मी करीन.' ब्रह्मदेव या वाक्यात काहीही करत नाही, तो फक्त ठिकाण सांगायला आलेला असतो.

'करिष्ये' आणि 'करिष्यामि' या दोन्ही रूपांचा अर्थ 'मी करीन' असाच आहे. पण ज्या कृतीचं फळ करणाऱ्याकडे येतं तिला व्याकरणात आत्मनेपद लावतात आणि 'करिष्ये' हे आत्मनेपदी रूप आहे. म्हणून गुरुजी बाकीचा सगळा मजकूर स्वतः म्हणतात, आणि तो एक शब्द मात्र यजमानाला म्हणायला लावून हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडायला सांगतात. हा शब्द उसना चालत नाही. तुम्ही तो म्हणाला असालच, फक्त त्या वेळी डोक्यात 432 कोटी घोळत होते.

आता त्या 432 कोटींकडे नीट बघू. न मोजलेला आकडा मोजलेल्यापेक्षा जास्त घाबरवतो.

कलियुग 4,32,000 वर्षांचं. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. एकूण दहा पट, म्हणजे 43,20,000 वर्षांचं एक महायुग. अशी हजार महायुगं झाली की ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजेच एक कल्प. या दिवसाचे चौदा मन्वंतरांत भाग पाडलेले आहेत, एकेक मन्वंतर 71 महायुगांचं. चौदा गुणिले 71 केलं तर 994 येतात, हजार येत नाहीत. इथे बरेच जण गडबडतात. उरलेली सहा महायुगं मन्वंतरांच्या आधी, मध्ये आणि शेवटी येणाऱ्या पंधरा संधिकाळांत वाटलेली असतात, प्रत्येक संधी एका कृतयुगाएवढा. 17,28,000 ला 15 ने गुणा आणि 43,20,000 ला 6 ने गुणा, उत्तर एकच येतं: 2,59,20,000.

तुमच्या वास्तुशांतीच्या दिवशी या हिशेबात आपण कुठे होतो? आधी कलियुगाची गेलेली वर्षं काढायची. त्यासाठी शालिवाहन शकात 3179 मिळवायचे. 1947 अधिक 3179, म्हणजे 5126. (कर्नाटकात ऐहोळेच्या जैन मंदिरावर दुसऱ्या पुलकेशीच्या काळचा जो शिलालेख आहे, त्यात शके 556 आणि भारतयुद्धानंतरची 3735 वर्षं असे दोन्ही आकडे दिले आहेत. वजाबाकी करून बघा, 3179 च येतील. ही बेरीज जवळपास चौदाशे वर्षं चालत आलेली आहे.) मग सहा मन्वंतरं संपलेली, सात संधी संपलेले, सातव्या मन्वंतरातली 27 महायुगं संपलेली, अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता, द्वापर संपलेली, आणि वर ही 5126. सगळी बेरीज 1,97,29,49,126 वर्षं.

हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून त्याचं घड्याळ करू. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस, रात्र वेगळी. तो दिवस आपण सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा बारा तासांचा धरला, तर बारा तासांत सेकंद होतात 43,200. म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका सेकंदात बरोबर एक लाख वर्षं बसतात. हा भागाकार इतका स्वच्छ सुटतो की मुलीला तोंडी करायला द्या. या घड्याळात तुमच्या पूजेच्या वेळी अकरा वाजून एकोणतीस मिनिटं होत आली होती. सकाळचं काम संपत आलं आहे, जेवणाची वेळ व्हायची आहे. अख्खं कलियुग या घड्याळात सव्वाचार सेकंदांहून जरा जास्त, आणि त्यातला आजवर गेलेला भाग सेकंदाचा विसावा हिस्सा. माणसाचं ऐंशी वर्षांचं आयुष्य तर यात दिसतच नाही.

तुम्हाला टोचतंय ते हे शेवटचं वाक्य. म्हणून आधी हे आकडे इतके मोठे कशासाठी केले ते सांगायला हवं. माणसाला लहान करणं हा त्यामागचा एक हेतू आहे, नाही असं नाही, पुराणांत तो उघडच दिसतो. दुसरा हेतू मात्र गणित्यांचा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. शनी सूर्याभोवती एक फेरी साधारण साडेएकोणतीस वर्षांत पुरी करतो. नेमकं सांगायचं तर अपूर्णांक येतो, आणि दशांश चिन्हाशिवाय तो अपूर्णांक लिहायचा कसा? सोपा मार्ग असा की एक प्रचंड मोठा काळ घ्यायचा आणि त्यात किती पूर्ण फेऱ्या होतात ते सांगायचं. आर्यभटाने तेच केलं. 43,20,000 वर्षांत शनीच्या 1,46,564 फेऱ्या, गुरूच्या 3,64,224. भागाकार केला की शनीला 29.475 वर्षं आणि गुरूला 11.86 वर्षं मिळतात. महायुग जितकं मोठं तितकी अचूकता जास्त पकडता येते. तुमच्या घरातल्या पंचांगात आज गुरू कुठे आहे हे छापलेलं असतं, त्याच्या मुळाशी हे असले मोठे आकडे आहेत. तेव्हा 43,20,000 हा एका अर्थाने छेद आहे. छेदाला घाबरून कुणी अन्नपाणी सोडत नाही.

आणि हे आकडे सगळ्यांनी एकसारखे मानले असंही नाही. आर्यभटाने चारही युगं सारखी धरली, प्रत्येकी 10,80,000 वर्षांची. त्याच्या मन्वंतरात 71 ऐवजी 72 महायुगं आहेत, म्हणून त्याचा कल्प 1008 महायुगांचा होतो. ब्रह्मगुप्ताने यावरून त्याला चांगलंच धारेवर धरलं, स्मृतींशी जुळत नाही म्हणून. पण याच आर्यभटाचा एक श्लोक तुमच्या प्रश्नाला लागू पडतो. तो सांगतो की साठ वर्षांची साठ आवर्तनं आणि तीन युगपाद उलटले, तेव्हा माझ्या जन्माला तेवीस वर्षं झाली होती. एका ओळीत कलीची 3600 वर्षं आणि त्याच्याआधीची तीन युगं, पुढच्या ओळीत स्वतःचं वय. इसवी सन 499 ची गोष्ट. लाखो वर्षं ज्याच्या बोटांवर होती, त्याला आपली तेवीस त्यांच्या शेजारी मांडताना संकोच वाटला नाही.

भावाच्या मेसेजबद्दल थोडक्यात. पृथ्वीचं आजचं शास्त्रीय वय सुमारे 454 कोटी वर्षं आहे आणि कल्प 432 कोटींचा, म्हणून दोन्ही जुळल्यासारखे वाटतात. पण कल्प हा संपूर्ण दिवस आहे, आणि आपल्याच संकल्पाप्रमाणे त्यातली अजून निम्मीही वर्षं गेलेली नाहीत. तुलना करायचीच तर ती 197 कोटींशी करावी लागेल, आणि ती जुळत नाही. भावाला चिडवायला म्हणून सांगत नाही. पण असे मेसेज आकड्याला कौतुकाच्या चौकटीत टांगतात, मग तो कशासाठी होता हे विचारायचं राहून जातं.

आता मूळ दुखण्याकडे. 'एवढ्या काळापुढे मी काय' हा प्रश्न पुराणांनी स्वतःच विचारून ठेवला आहे आणि तो सामान्य माणसाच्या तोंडी घातलेला नाही, इंद्राच्या मनात घातला आहे. ब्रह्मवैवर्त पुराणातली ती कथा अर्धी सांगितली जाते, म्हणून पुरी सांगतो. वृत्राला मारल्यावर इंद्राने विश्वकर्म्याला नवी नगरी बांधायला घेतलं आणि त्याची हौस संपेना. हे दालन वाढव, ती बाग वाढव. (गंगापूर रोडवर फ्लॅटचं इंटीरियर करून घेतलेल्याला हे समजावून सांगायला नको.) विश्वकर्मा कंटाळला, ब्रह्मदेवाकडे गेला, आणि मग विष्णू एका मुलाचं रूप घेऊन इंद्राच्या दरबारात आला. तिथे मुंग्यांची रांग चालली होती. ती बघून मुलगा हसला. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, यातली प्रत्येक मुंगी कधीकाळी इंद्र होती. पाठोपाठ लोमश ऋषी आले, डोक्यावर गवताची चटई धरून. छातीवरच्या केसांच्या गोलातला एक केस प्रत्येक इंद्राबरोबर गळतो आणि मधली जागा उघडी पडली आहे, असं त्यांनी सांगितलं. एवढ्याशा आयुष्यासाठी घर कशाला बांधायचं, म्हणून चटई.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. तुमचं पत्रही इथेच थांबलं आहे. पण पुराण पुढे जातं. इंद्राला वैराग्य आलं, त्याने विश्वकर्म्याला मोकळं केलं आणि राज्य टाकून वनात जायला निघाला. तेव्हा शचीने बृहस्पतीला गाठलं. बृहस्पतीने इंद्राला समजावून परत आणलं, आणि मुंग्या खोट्या होत्या असं म्हणून नाही. त्याने इंद्राला पुन्हा राज्याच्या आणि संसाराच्या कामाला लावलं. इंद्र आपल्या जागेवर बसला, फक्त आता नगरी वाढवत बसायची खुमखुमी उरली नव्हती. हाच फरक धरून ठेवा. मोठ्या काळाचं दर्शन इंद्राच्या हव्यासासाठी होतं, त्याच्या कामासाठी नव्हतं. औषध चुकीच्या जागी लागलं तर चांगली जागाही बधिर होते. घराचा हप्ता आणि मुलीचा फॉर्म ही तुमची इंद्रपदाची कामं आहेत. तिसऱ्या टीव्हीची किंवा सोसायटीत कुणाची गाडी मोठी याची चिंता असेल, तिथे 432 कोटी खुशाल लावा.

ज्ञानेश्वरीच्या आठव्या अध्यायातही हा हिशेब येतो. ब्रह्मदेवाचा एक प्रहरही इंद्राला पुरत नाही आणि एका दिवसात चौदा इंद्रांची पंगत उठते, असं ज्ञानेश्वर म्हणतात. पंगत हा शब्द मोठा नेमका आहे. पंगत उठते म्हणून कुणी उपाशी उठत नाही, पानावरचं जेवूनच उठायचं असतं. (हा अर्थ माझा आहे, ज्ञानेश्वरांच्या माथी मारू नका. त्यांना तिथे ब्रह्मलोकसुद्धा नाशवंत आहे हेच सांगायचं आहे.)

एक शंका मात्र विचारून ठेवतो. हप्ता भरताना हात जड होणं खरंच संकल्पाच्या अर्थाने सुरू झालं, की वडील गेल्यापासून ते होतं आणि संकल्पाने त्याला फक्त नाव मिळालं? तारखा लावून बघा. झोप, भूक, कामातलं लक्ष आषाढापासूनच गेलेलं असेल, तर ते दुःख आहे आणि त्याच्याशी तत्त्वज्ञानाने भांडू नका. डॉक्टरांशी बोला, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक लावा, तिथे मराठीतही बोलता येतं.

वडिलांबद्दल या कालगणनेत एक गोष्ट आहे, ती मोठ्या आकड्यांच्या गर्दीत दिसत नाही. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात काळाची मापं सांगताना 432 कोटींच्या आधी एक छोटी पायरी येते. माणसांचा एक महिना म्हणजे पितरांची एक अहोरात्र. कृष्णपक्ष त्यांचा कामाचा दिवस, शुक्लपक्ष झोपायची रात्र. त्याच्या वरची पायरी, माणसांचं एक वर्ष म्हणजे देवांची अहोरात्र, उत्तरायण दिवस आणि दक्षिणायन रात्र. काळ एकच, पण तो कुणाचा यावर त्याची लांबी ठरते. पहिल्या वर्षी दर महिन्याला मासिक श्राद्ध केलं असेल तर ते का, याचा उलगडा इथे होतो: पितरांच्या बाजूने पाहिलं तर ते रोजचं जेवण आहे. आषाढापासून दुसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षापर्यंत सतरा महिने होतात. तुम्हाला ते दीड वर्ष वाटलं. या मापाने वास्तुशांतीच्या दिवशी वडिलांना जाऊन सतरा दिवस झाले होते. मोठ्या चक्रांनी तुमचं आयुष्य बारीक केलं म्हणता, तर त्याच चक्रांनी ही ताटातूटही बारीक केली आहे. दोन्ही हिशेब एकाच वहीतले आहेत.

आईंचं म्हणणं वेगळ्या पोताचं आहे. युगाचा काळ आणि माणसाचं वागणं यांची सांगड ग्रंथांत आहे हे खरं. कलीत धर्माचा एकच पाय उरतो हेही खरं. पण 'म्हणून काकांशी बोलू नकोस' हे कुठल्याही ग्रंथात सापडत नाही. कृत, त्रेता, द्वापर, कली ही नावं मुळात फाशांच्या डावांची आहेत. कृत सगळ्यात वरचा डाव, कली सगळ्यात हलका. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्राच्या मुलाला, रोहिताला, इंद्र सांगतो की निजलेला तो कली, जागा होऊ लागलेला द्वापर, उठून उभा राहिला तो त्रेता, आणि चालू लागला की कृत होतो. ही मोजणी वर्षांची नाही, माणूस कोणत्या अवस्थेत आहे त्याची आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला विचारतो, काळ राजाला घडवतो की राजा काळाला? आणि स्वतःच उत्तर देतो: यात शंका धरू नकोस, राजाच काळाचं कारण आहे. युग आकाशातून उतरतं आणि आपण त्यात भिजत बसायचं, असं चित्र भीष्माला मान्य नाही.

आईंना ग्रंथाधार हवाच असेल, तर विष्णुपुराणातला सहावा अंश त्यांना वाचून दाखवा. थोडक्या धर्माचं मोठं फळ कोणत्या काळात मिळतं, यावर मुनींचा वाद झाला आणि ते व्यासांकडे गेले. व्यास गंगेत स्नान करत होते. बुडी मारून वर आले आणि म्हणाले, कली साधू आहे, कली चांगला आहे. पुढे त्यांनी हिशेब दिला: कृतयुगात जे दहा वर्षांत साधतं ते त्रेतात एका वर्षात, द्वापरात एका महिन्यात आणि कलीत एका दिवसरात्रीत साधतं. युग जितकं उतरलं तितका एकेका दिवसाचा भाव चढला. 'कलियुग आहे' हे कारण म्हणून वापरायचं असेल, तर या श्लोकाप्रमाणे ते आजच फोन करायचं कारण ठरतं. आणि कली संपेल तेव्हा बघू असं म्हणायला गेलात, तर अजून 4,26,874 वर्षं थांबावं लागेल.

जमिनीचं काम मन्वंतरात अडकवून ठेवण्यासारखं नाही. वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. त्यावरून फेरफाराची नोंद होते आणि ती मंजूर झाली की सातबारावर तुमची, भावाची, आईंची नावं येतात. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे काकांना पहिल्याच वाक्यात सांगा. भांडणं बहुतेकदा या दोन शब्दांच्या गोंधळातून सुरू होतात आणि मग बिल कलियुगाच्या नावाने फाडलं जातं. आईंनी नको म्हणण्यामागे काकांची भीती असेल तर त्यांना बरोबर न्या, बोलणं मात्र तुम्ही करा.

राहिला संकल्प. पुढच्या वेळी, वडिलांच्या श्राद्धाला किंवा गणपतीला, गुरुजींना आदल्या दिवशी फोन करून सांगा की संकल्प सावकाश सांगा, मला शब्द धरायचे आहेत. आधी तो एका कागदावर लिहून काढा आणि बदलणाऱ्या जागा मोकळ्या ठेवा. कल्प, मन्वंतर, युग, चरण तुमच्या हयातीत बदलणार नाहीत. संवत्सर दर पाडव्याला बदलतं. ते काढायला शकात 12 मिळवा, 60 ने भागा आणि बाकी राहील त्या क्रमांकाचं नाव घ्या. 1947 ला बाकी 39 राहते, एकोणचाळिसावा विश्वावसु. 1948 चा म्हणून पराभव. नाव ऐकून दचकू नका, साठ नावांची यादी आहे, फिरून फिरून येते. अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र त्या दिवशीच्या पंचांगातून भरा. घाईत बहुधा अयन चुकतं, विशेषतः पौषात, कारण संक्रांत महिन्याच्या मध्येच कुठेतरी येते. म्हणून तिथे तारीख बघूनच लिहा.

आणि एक जागा अशी आहे की ती पंचांगात मिळणार नाही. पंचवटी गोदेच्या डाव्या, उत्तरेकडच्या काठावर आहे. तिथे तुमच्या वडिलांनी जितक्या पूजा केल्या, त्या सगळ्यांत 'गोदावर्याः उत्तरे तीरे' म्हटलं गेलं असणार. गंगापूर रोड नदीच्या दुसऱ्या बाजूला येतो. वास्तुशांतीला गुरुजींनी तिथे 'दक्षिणे तीरे' म्हटलं का, ते त्यांना विचारा. सवयीने जुनंच म्हटलं असेल तर कागदावर दुरुस्त करून घ्या, कारण त्या 432 कोटींच्या वाक्यात तुम्ही घर बदलल्याची नोंद तेवढ्या एका शब्दात आहे.